लेटरहेड उताणं की पालथं? दोघांचंही बरोबर असू शकतं

वाचकाचं पत्र

*मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. आमचा जुना छोटा लेझर प्रिंटर बंद पडल्यावर नवा आला. त्याला खाली ओढायची कॅसेट आहे, पुढे उघडणारा एक छोटा ट्रे आहे, आणि तो कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापतो. तेव्हापासून लेटरहेड वाया जाण्याचं प्रमाण फार वाढलं आहे. कधी मजकूर मागच्या कोऱ्या बाजूवर येतो, कधी लोगो खाली आणि मजकूर उलटा. आमचे शिपाई काका म्हणतात, कागद उताणा ठेवायचा आणि लोगो आत. मी म्हणते, पालथा ठेवायचा आणि लोगो आपल्याकडे. गंमत म्हणजे कधी त्यांचं बरोबर येतं, कधी माझं. मॅनेजर म्हणतात, तुम्ही दोघं नीट लक्ष देत नाही. मला वाटतं यंत्रातच दोष आहे. एकदा कायमची काय ती पद्धत सांगा, नाहीतर छापील लेटरहेड बंद करून लोगो कॉम्प्युटरवरूनच छापावा का, तेही सांगा.*

उत्तर

ताई, यंत्रात दोष असेल असं वाटत नाही, आणि तुमच्या दोघांपैकी कुणी निष्काळजी आहे असंही नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: कधी त्यांचं बरोबर येतं, कधी तुमचं. यंत्र बिघडलेलं असतं तर चुका कशाही, कधीही आल्या असत्या. तुमच्याकडे त्या ठरावीक प्रकारे येताहेत. काकांची पद्धत एका प्रकारच्या कामाला बरोबर आहे, तुमची दुसऱ्या प्रकारच्या. कॅसेटमध्ये कागद कसा ठेवायचा हे एका बाजूच्या छपाईला वेगळं असतं आणि पाठपोट छपाईला बरोब्बर त्याच्या उलट. त्यामुळे ‘एकदा कायमची पद्धत’ अशी जी गोष्ट तुम्ही मागता आहात, ती त्या कॅसेटपुरती मुळात नाहीच. ती आपल्याला तयार करावी लागेल, आणि ते जमण्यासारखं आहे.

आधी कागद आत कसा फिरतो ते पाहू. एवढं कळलं की पाठांतराची गरज उरत नाही.

तुमच्या जुन्या छोट्या यंत्रात, म्हणजे आपल्याकडच्या कार्यालयांत वर्षानुवर्षं दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० या जातीच्या प्रिंटरमध्ये, कागद पुढून आत जातो. टोनरचा ड्रम त्याच्या वर असतो. कागद सरळ त्याच्याखालून जातो, मागे फ्यूजरमध्ये तापतो, मग वर वळून पालथा होऊन बाहेर पडतो. म्हणजे ट्रेमध्ये जी बाजू वर दिसते तीच छापली जाते, आणि जी कड आधी आत शिरते तिथे मजकुराची सुरुवात येते. म्हणून लेटरहेड उताणं, लोगो आत. काकांच्या हाताला हीच सवय आहे आणि त्या यंत्रासाठी ती शंभर टक्के बरोबर होती.

नव्या यंत्राची कॅसेट खाली असते. तिथला रोलर कागद मागे ढकलत नाही, पुढे ओढतो, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला. तिथून कागद अर्धवर्तुळात वर वळतो आणि मागे वळून ड्रमखालून जातो. या वळणात त्याची कूस बदलते. कॅसेटमध्ये जी बाजू खाली होती ती आता वर, ड्रमच्या समोर येते. आणि आधी निघते ती तुमच्याकडची कड. म्हणून एका बाजूच्या छपाईला कॅसेटमध्ये लेटरहेड पालथं, लोगो आपल्याकडे. ही तुमची पद्धत. एचपी आणि ब्रदर या कंपन्यांच्या अशा रचनेच्या यंत्रांच्या पुस्तिकांतही एका बाजूसाठी हीच मांडणी दिलेली असते.

आता पाठपोट छपाई. बहुतेकांची समजूत अशी की यंत्र आधी पान १ छापतं, मग कागद उलटवून पान २. या जातीच्या बऱ्याच यंत्रांत घडतं उलटं. आधी पान २ छापलं जातं. मग कागद बाहेरच्या ट्रेकडे अर्धा येतो, थबकतो आणि मागे ओढला जातो (हे तुम्ही पाहिलंच असेल), आणि दुसऱ्या फेरीत पान १ छापलं जातं. यामुळे शेवटी पानं वरच्या ट्रेमध्ये पालथी पडतात आणि गठ्ठा उचलला की क्रमाने मिळतो. पण आपल्या दृष्टीने दोन गोष्टी बदलतात. पहिली: लेटरहेडची बाजू ड्रमसमोर यायला हवी ती दुसऱ्या फेरीत, पहिल्या नाही. म्हणून कॅसेटमध्ये ते उताणं हवं. दुसरी: कागद मागे ओढला जातो तेव्हा आधीची शेपटीकडची कड पुढे होते. म्हणून लोगोची कड सुरुवातीला मागे असायला हवी. दोन्ही जोडलं की पाठपोट छपाईसाठी कॅसेटमध्ये लेटरहेड उताणं, लोगो आत. म्हणजे काकांची जुनी सवय!

तर भांडणाचं मूळ हे. जुन्या यंत्राची सवय नव्या यंत्राच्या पाठपोट छपाईशी अगदी नेमकी जुळली. ड्रायव्हरमध्ये ‘दोन्ही बाजू’ हा पर्याय अनेकदा आधीपासूनच चालू असतो. दोन पानी पत्र आलं की काकांचा गठ्ठा बरोबर ठरतो आणि एक पानी पत्र आलं की तुमचा. मॅनेजरांनी कितीही लक्ष द्यायला सांगितलं तरी हे सुटणारं नाही, कारण कागद ठेवताना पुढचं पत्र किती पानांचं असेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

यावर विश्वास ठेवण्याआधी पडताळून पाहा. त्यासाठी एकही लेटरहेड लागणार नाही. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पेन्सिलने ठळक बाण काढा. कागद कॅसेटमध्ये सर्वांत वर ठेवा, बाणाची बाजू वर आणि बाणाचं टोक आतल्या, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या कडेकडे. आता वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘पान १’ लिहिलेली एक पानाची फाइल छापा, पाठपोट बंद ठेवून. आलेल्या कागदावर दोनच प्रश्न विचारायचे. छपाई बाणाच्या बाजूवर आहे की मागे? आणि ‘पान १’ ही अक्षरं बाणाच्या टोकाच्या कडेला आहेत की शेपटीच्या? छपाई मागे असेल तर लेटरहेड पालथं ठेवायचं, बाणाच्या बाजूवर असेल तर उताणं. अक्षरं ज्या कडेला आली, लोगोची कड तिथेच. मागच्या बाजूची छपाई कुठल्या कडेला आहे हे कळत नसेल तर कागद उजेडासमोर धरा, बाण आणि अक्षरं एकदम दिसतात.

मग दुसरा कोरा कागद, तसाच बाण, पण या वेळी दोन पानांची फाइल आणि पाठपोट चालू. ‘पान १’ कुठे आलं तेवढंच पाहायचं. वर सांगितलेली रचना तुमच्या यंत्राची असेल तर पहिल्या चाचणीत ‘पान १’ मागे आणि शेपटीकडे येईल, दुसऱ्या चाचणीत बाणाच्या बाजूवर आणि टोकाकडे. वेगळं आलं तर तुमच्या यंत्राचा मार्ग वेगळा आहे, आणि तिथे माझं वर्णन सोडून त्या कागदाचं ऐकायचं. तिसरी चाचणी पुढे उघडणाऱ्या छोट्या ट्रेची करा. त्या ट्रेमधून कागद वळसा न घेता आत जातो, म्हणून तिथे एका बाजूच्या छपाईला उताणं, लोगो आत असं निघायला हवं.

वाया गेलेली लेटरहेड अजून फेकली नसतील तर तीही पुरावा आहेत. एक पानी पत्राचा मजकूर मागच्या कोऱ्या बाजूवर आला असेल आणि त्याची पहिली ओळ लेटरहेडच्या तळाकडच्या कडेला असेल, तर कागद पाठपोटसाठी ठेवलेला होता आणि काम एका बाजूचं गेलं. दोन पानी पत्रात लोगोच्या बाजूवर पान २ चा मजकूर उलटा आला असेल आणि पान १ मागे गेलं असेल, तर बरोब्बर उलट: कागद एका बाजूसाठी ठेवलेला होता आणि काम पाठपोट गेलं. या दोन्ही प्रकारांत ठेवणाऱ्याची चूक नाही, मेळ बसला नाही एवढंच.

खरी ठेवण्याची चूक वेगळी दिसते. एक पानी पत्राचा मजकूर लोगोच्याच बाजूवर आहे पण डोकं खाली, म्हणजे बाजू बरोबर होती आणि फक्त कड फिरली. किंवा मजकूर मागे आहे पण पहिली ओळ लोगोच्याच कडेला, म्हणजे कड बरोबर होती आणि बाजू चुकली. असे कागद निघाले तर गठ्ठा घाईत भरला गेला असं म्हणता येईल. चुकलेले कागद या प्रकारे वेगळे केलेत तर मॅनेजरांना दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

एक विचित्र प्रकार आणखी आहे, तो आधीच सांगते, नाहीतर सगळं ठरवल्यावर तो तुम्हाला गोंधळात टाकेल. समजा सभासदांना पाठवायचं थकबाकीचं पत्र तीन पानांचं आहे, पाठपोट चालू आहे, आणि कॅसेटमध्ये सगळी लेटरहेडच आहेत, काकांच्या पद्धतीने ठेवलेली. पहिल्या कागदावर पान १ लोगोखाली, पान २ मागे, सगळं छान. दुसऱ्या कागदावर फक्त पान ३. इथे काही यंत्रं हुशारी करतात: मागे काही छापायचंच नाही तर दुसरी फेरी कशाला, म्हणून पान ३ एकाच फेरीत काढतात. एक फेरी म्हणजे एका बाजूचं काम, आणि कागद ठेवलाय पाठपोटसाठी. परिणामी पान ३ लेटरहेडच्या मागे, तळाकडून सुरू झालेलं. एकाच पत्राचा एक कागद बरोबर आणि दुसरा चुकीचा! हे पाहून कुणालाही यंत्राला भूत लागलं असं वाटेल. कारण इतकंच की शेवटचं पान विषम होतं.

आता उपाय. तीन आहेत आणि ते सारख्या योग्यतेचे नाहीत.

मी सुचवेन तो सर्वांत साधा: लेटरहेडवर पाठपोट छापायचंच नाही, आणि लेटरहेड कॅसेटमध्ये ठेवायचंच नाही. ऑफसेटवर छापलेल्या लेटरहेडच्या मागे मजकूर छापला की पातळ कागदातून तो पुढे दिसतो, आणि सही-शिक्क्याचा कागद गचाळ होतो. पत्राचं पहिलं पान लेटरहेडवर, पुढची पानं साध्या कागदावर, ही जुनी रीत उगाच पडलेली नाही. तेव्हा लेटरहेड पुढच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवा: उताणं, लोगो आत. गंमत अशी की इथे काकांची सवय जशीच्या तशी चालते, त्यांना काही नवं शिकावं लागत नाही. कॅसेट फक्त कोऱ्या कागदासाठी, आणि तिथे पाठपोट खुशाल चालू राहू दे.

हे प्रत्येक वेळी आठवणीने निवडावं लागलं तर पुन्हा चुका होतील. म्हणून कॉम्प्युटरवर त्याच यंत्राची दुसरी नोंद करा. विंडोजमध्ये `Printers & scanners` मध्ये जाऊन `Add device` म्हणा, थोडं थांबलं की येणारा `Add manually` निवडा, मग `Add a local printer or network printer with manual settings`. पुढे `Use an existing port` मध्ये तोच पोर्ट निवडा ज्यावर आत्ताचा प्रिंटर आहे (आत्ताच्या प्रिंटरच्या `Printer properties` मधल्या `Ports` टॅबवर खूण केलेला दिसतो), ड्रायव्हर आहे तोच ठेवा आणि नाव द्या ‘लेटरहेड’. मग या नव्या नोंदीच्या `Printing preferences` मध्ये तीन गोष्टी ठरवा: कागद छोट्या ट्रेमधून (बहुधा `Tray 1` किंवा `Multi-purpose tray` असं नाव असतं), कागदाचा प्रकार `Letterhead`, आणि दोन्ही बाजूंची छपाई बंद. जुन्या नोंदीला ‘साधा कागद’ नाव देऊन तिथे कॅसेट निवडून ठेवा. आता पत्र काढणाऱ्याने फक्त नाव निवडायचं.

हे दुसरं पाऊल गाळू नका, आणि त्याला पाठपोटखेरीज आणखी एक कारण आहे. छोट्या ट्रेमध्ये कागद दिसला की पुष्कळ यंत्रं आधी तोच उचलतात. कुणी खातेउतारा छापायला टाकला आणि तो लेटरहेडवर आला, असं होणारच. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर छोट्या ट्रेचा कागद ‘कोणताही’ असा नोंदलेला असेल तर तो बदलून आकार ए-फोर आणि प्रकार `Letterhead` करा, आणि साध्या नोंदीत कॅसेट स्पष्ट निवडा, ‘आपोआप’ ठेवू नका.

एका पत्रात पहिलं पान लेटरहेडवर आणि पुढची कोऱ्यावर हवी असतील तर ‘लेटरहेड’ ही नोंद निवडून वर्डमध्ये `Layout` टॅबवरच्या `Page Setup` च्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, `Paper` टॅब उघडा. तिथे `First page` साठी छोटा ट्रे आणि `Other pages` साठी कॅसेट निवडता येते. वरच्या तीन पानी पत्राचं उदाहरण असं केलं तर एक लेटरहेड आणि दोन कोरे कागद, तिन्ही एका बाजूने, आणि विषम पानाचा प्रश्नच उरत नाही. पाठपोट बंद असणं इथेही गरजेचं आहे, नाहीतर पान २ पहिल्याच कागदाच्या पाठीवर जाईल आणि ट्रे बदलायला यंत्राला जागाच राहणार नाही.

या उपायाची मर्यादा म्हणजे छोट्या ट्रेची क्षमता. काही यंत्रांत तो ५० ते १०० कागद घेतो, काहींत ती नुसती एकेक कागद घालायची फट असते. फट असेल तर दिवसाला पाच-दहा पत्रं ठीक, पण मार्चअखेरीला दोनशे नोटिसा काढायच्या तर कुणीतरी तिथे उभं राहायला हवं. शिवाय हा ट्रे उघडा असतो. पावसाळ्यात रात्रभर त्यात राहिलेला कागद ओल धरतो, कडेला वळतो आणि अडकतो. संध्याकाळी उरलेली लेटरहेड काढून पाकिटात ठेवायची सवय लावा.

मोठ्या संख्येने पत्रं काढणाऱ्या कार्यालयांसाठी दुसरा उपाय यंत्रातच असतो, पण तो फारसा कुणी उघडून पाहत नाही. एचपीच्या बऱ्याच यंत्रांत `Alternative Letterhead Mode` नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की लेटरहेड नेहमी पाठपोटच्या पद्धतीनेच ठेवायचं, पत्र एक पानी असो की दहा पानी. यंत्र एक पानी पत्रालाही पाठपोटच्याच वाटेने फिरवतं, म्हणून बाजू आणि कड कधी बदलत नाही. कॅननमध्ये अशाच कामाचा पर्याय `Switch Paper Feed Method` या नावाखाली `Print Side Priority` म्हणून मिळतो, आणि रिकोच्या यंत्रांत `Letterhead Setting`. विषम शेवटच्या पानाचा घोळही यात मिटतो. किंमत एवढीच की एक पानी कामं हळू निघतात, कारण प्रत्येक कागद जास्तीचा फेरा घेतो. कागदाचा प्रकार ट्रेवर आणि ड्रायव्हरमध्ये दोन्हीकडे `Letterhead` ठेवा, फक्त एका ठिकाणी ठेवून हा पर्याय लागू झाला नाही अशी तक्रार करू नका. आणि तो चालू केल्यावर बाणाची चाचणी पुन्हा करा, कारण आता आधीचं उत्तर चुकीचं असणार.

हा पर्याय कॅसेटमध्ये लेटरहेडच भरून ठेवणाऱ्यांना शोभतो. तुमच्याकडे कॅसेट एकच असेल तर साध्या कामांना कागद कुठून येणार? म्हणून पतसंस्थेच्या एका टेबलासाठी मला पहिलाच उपाय बरा वाटतो.

तिसरा, लोगो कॉम्प्युटरवरून छापायचा. त्यात बाजूचा प्रश्न अर्थातच संपतो. पण तुमचं यंत्र काळंपांढरं असेल तर लोगोही काळा-राखाडी येईल, आणि छापून ठेवलेला साठा पडून राहील. माझ्या मते ईमेलने जाणाऱ्या पत्रांसाठी हे आजच सुरू करा, त्यासाठी छापील लेटरहेडवर प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करणं हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. लेटरहेड स्कॅन करून लोगो काढू नका, छापखान्याकडून मूळ फाइल मागून घ्या. सही-शिक्क्याने हातात दिल्या जाणाऱ्या पत्रांसाठी मात्र आहे तो साठा वापरा. थोडीशी वाया जाताहेत म्हणून छापील लेटरहेडच बंद करण्याची गरज नाही.

घरी किंवा लहान दुकानात इंकजेट वापरणाऱ्यांनी यातलं फार मनावर घेऊ नये. एप्सनच्या मागून कागद उभा घालायच्या प्रिंटरमध्ये छापायची बाजू तुमच्याकडे तोंड करून असते आणि लोगोची कड खाली, कारण तीच आधी आत जाते. लेटरहेड डोक्यावर उभं दिसतं, तसंच ते बरोबर आहे. आणि मोठ्या झेरॉक्स यंत्रांत, जिथे ए-फोर आडवा भरतात, तिथे लोगो डावीकडे की उजवीकडे हा नवा प्रश्न येतो. त्याचं उत्तर कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून तिथे बाणाच्या चाचणीशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

चाचणीचं उत्तर मिळालं की ते ट्रेवरच चिकटवा. ‘योग्य पद्धतीने कागद भरावा’ असल्या पाट्या निरुपयोगी असतात. लिहायचं ते असं: ‘लेटरहेड. उताणं. लोगो आत. एकच बाजू.’ शेजारी लहानसा चौकोन काढून लोगोच्या कडेला जाड रेघ द्या. छोट्या ट्रेवर एक आणि कॅसेटवर ‘फक्त कोरा कागद’ अशी दुसरी. चिठ्ठी कागदाच्या वाटेत किंवा रोलरजवळ नको, ट्रेच्या बाहेरच्या दर्शनी बाजूवर.

वाया गेलेल्या लेटरहेडचं काय? मागच्या बाजूवर मजकूर गेला असेल तर पुढची बाजू कोरी आहे, पुन्हा घालू या, असा मोह होतो. एकदा तापलेला कागद वळलेला असतो आणि अडकण्याची शक्यता जास्त, शिवाय सभासदाच्या हातात मागे दुसऱ्याच कुणाची थकबाकी गेली तर ते निस्तरणं अवघड. कच्च्या कामालाही वापरू नका. पतसंस्थेचं लोगोसह कोरं राहिलेलं अर्धं पान बाहेर जाणं धोक्याचं आहे. तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहा आणि फाडून टाका, अनुक्रमांक असलेली लेटरहेड असतील तर नोंदवहीत क्रमांक लिहून.

पुढची छपाई देताना छापखान्याला एवढं सांगा की हे लेटरहेड लेझर प्रिंटरमधून जाणार आहे. फ्यूजरमध्ये कागदाला क्षणभर साधारण २०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ऑफसेटची शाई पूर्ण वाळलेली नसेल तर ती रोलरला लागते आणि पुढच्या पानांवर ठरावीक अंतराने लोगोची पुसट छाया उमटत राहते. हाताला उंचवटा लागणारी थर्मोग्राफीची अक्षरं तर वितळतातच, ती घेऊच नका. नवा गठ्ठा आला की आधी एकच लेटरहेड छापा, त्यामागोमाग दोन-तीन कोरे कागद काढा आणि त्यांवर रंगाची छाया येते का ते उजेडात पाहा. आली तर गठ्ठा लगेच वापरू नका, काही दिवस वाळू द्या आणि पुन्हा पाहा. तरीही येत असेल तर तो परत करा, भांडत बसू नका, कारण फ्यूजर बदलायचा खर्च लेटरहेडच्या खर्चापेक्षा बराच जास्त येतो.